राउटर दोन, पण पत्ता एकच

गेल्या जूनमधला तो सोमवार आपल्या कार्यालयातील मंडळी सहजी विसरणार नाहीत. पहाटे जोराचा पाऊस झाला, लाइट दोनदा गेली आणि आली. साडेनऊला कार्यालय उघडले तेव्हा इंटरनेट बंद होते. दाखल्यांसाठी आलेले पालक व्हरांड्यात उभे, दहावीच्या वर्गशिक्षिका विद्यार्थ्यांच्या नावांच्या दुरुस्त्या ऑनलाइन भरण्यासाठी बसलेल्या, आणि त्या दुरुस्त्यांची मुदत त्याच दिवशी संपत होती. लाइन देणाऱ्या कंपनीला फोन केला, त्यांनी लाइन व्यवस्थित असल्याचे सांगितले. ते खरेच होते. बिघाड आपल्याच संगणक कक्षातील कपाटात होता. राउटरचा अ‍ॅडॉप्टर जळला होता. निपाणीच्या बाजारात तसा अ‍ॅडॉप्टर मिळेना, बेळगावहून येणाऱ्या एका पालकांनी येता येता आणला, आणि दुपारी पावणेदोनला सगळे सुरू झाले. एका लहानशा डबीने सव्वाचार तास शाळा अडवून ठेवली.

त्यानंतर विश्वस्त मंडळापुढे ठराव आला की, चांगल्या कंपनीचा, महागातला, मोठा राउटर घ्यावा. माजी विद्यार्थ्यांनी त्यासाठी देणगी देऊ केली आहे, त्याबद्दल आम्ही संगणक विभागातील शिक्षक त्यांचे ऋणी आहोत. तरीही आमचे मत या ठरावाच्या विरुद्ध आहे. ते का, हे पालकांनाही आणि वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनाही कळावे म्हणून हा लेखनप्रपंच.

महागडा राउटर झाला तरी तो एकच असतो. त्याचाही अ‍ॅडॉप्टर जळतो, त्याच्याही अंगावर वीज येते, त्यालाही कधीतरी बंद करून चालू करावे लागते. आम्हांला हवेत ते साधे दोन राउटर, दोन वेगळ्या इमारतींत, आणि त्या दोघांत मिळून एक सामाईक पत्ता.

हा सामाईक पत्ता म्हणजे काय, ते आधी सांगतो. शाळेतील प्रत्येक संगणकाला एक गोष्ट सांगून ठेवलेली असते: शाळेबाहेर काही पाठवायचे असेल तर ते अमुक पत्त्यावर दे. त्या पत्त्याला गेटवे म्हणतात. संगणक मोठा आज्ञाधारक आणि तितकाच भाबडा असतो. दिलेल्या पत्त्यावर कोणी उत्तर देईनासे झाले, तर शेजारी दुसरा राउटर रिकामा बसलेला असला तरी तो तिकडे वळून पाहत नाही. म्हणून नुसता दुसरा राउटर आणून ठेवल्याने काही होत नाही. ऐंशी संगणकांवर हाताने पत्ता बदलत बसावे लागते.

एस.टी. स्टँडवरील चौकशीच्या खिडकीचे उदाहरण घ्या. प्रवासी खिडकीकडे जातो, माणसाकडे नव्हे. आत सकाळी एक जण बसतो, संध्याकाळी दुसरा. प्रवाशाला त्याचे सोयरसुतक नसते. हीच युक्ती नेटवर्कमध्ये करता येते. आपल्याकडे दिवाळीच्या सुटीत आम्ही जी जुळणी करून पाहिली, तिच्यात संगणक कक्षातील राउटरचा स्वतःचा पत्ता 192.168.10.2 होता, प्राथमिक विभागाच्या इमारतीत ठेवलेल्या उसन्या राउटरचा 192.168.10.3. आणि संगणकांना जो गेटवे सांगायचा तो 192.168.10.1, म्हणजे या दोघांपैकी कोणाचाच नाही. ती झाली खिडकी. तिच्यावर कोणत्या वेळी कोणी बसायचे, हे दोघे आपापसांत ठरवतात.

कसे ठरवतात, ते समजायला निपाणीकरांना अवघड जाऊ नये. तंबाखूच्या वखारीवर रात्री दोन पहारेकरी असल्याची कल्पना करा. एक जागा राहून ठरल्या वेळी टोले देतो, दुसरा आडवा झालेला असतो, पण कान टोल्यांकडे. टोले पडत आहेत तोवर त्याने उठायचे कारण नाही. टोले थांबले की तो उठून फाटकाशी जातो. राउटरांत हा टोला दर सेकंदाला पडतो. मुख्य राउटर 224.0.0.18 या ठरावीक पत्त्यावर एक लहानसा संदेश टाकतो: मी आहे, आणि माझा अग्रक्रम अमुक. अग्रक्रम हा १ ते २५४ मधला आकडा आपण ठरवून द्यायचा असतो. ज्याचा मोठा तो खिडकीवर. आम्ही संगणक कक्षातल्याला १२० दिला, दुसऱ्याला १००.

एखादा टोला वाऱ्याने ऐकू आला नाही म्हणून लगेच धावत सुटायचे नसते. म्हणून दुसरा राउटर तीन टोल्यांइतका वेळ वाट पाहतो आणि त्यावर आणखी थोडे थांबतो. हे 'थोडे' मोजण्याचे सूत्र सोपे आहे: २५६ मधून आपला अग्रक्रम वजा करायचा आणि २५६ ने भागायचे. आपल्या दुसऱ्या राउटरचा अग्रक्रम १००, म्हणजे १५६ भागिले २५६, सुमारे ०.६१ सेकंद. तीन सेकंदांत हे मिळवा, ३.६१ झाले. तितक्या वेळात टोला आला नाही तर दुसरा राउटर 192.168.10.1 हा पत्ता स्वतःकडे घेतो. नववीच्या मुलांनी विचारले की हे अपूर्णांकाचे लचांड कशाला? तिसरा, चौथा राउटरही वाट पाहत असेल तर सगळे एकाच क्षणी उठून फाटकावर आदळू नयेत म्हणून. ज्याचा अग्रक्रम मोठा, त्याचे थांबणे कमी, म्हणून तो आधी उठतो.

यातली सर्वांत देखणी गोष्ट पुढेच आहे. स्विचच्या पातळीवर प्रत्येक यंत्राला कारखान्यातून मिळालेला एक क्रमांक असतो, आणि संगणक खरे तर त्या क्रमांकावर माल पाठवत असतात. खिडकीवरचा माणूस बदलला आणि क्रमांकही बदलला, तर सगळ्या संगणकांना नवा क्रमांक शिकावा लागेल. म्हणून या पद्धतीत खिडकीला स्वतःचा क्रमांक दिलेला आहे. तो 00-00-5e-00-01 ने सुरू होतो आणि शेवटी आपण दिलेला गट क्रमांक येतो. आपला गट १०, सोळाच्या पद्धतीत तो 0a. विद्यार्थ्यांनी संगणक कक्षात `arp -a` असे टंकून पाहावे, आपली नवी मांडणी चालू असेल त्या दिवशी 192.168.10.1 च्या समोर 00-00-5e-00-01-0a दिसेल. तो कोणत्याही कारखान्यातून आलेला नाही. दुसरा राउटर खिडकीवर बसला की याच क्रमांकाने एक हाक देतो, त्यावरून स्विचला कळते की हा क्रमांक आता दुसऱ्या केबलकडे गेला. संगणकांना काहीच कळत नाही, आणि कळायची गरजही नाही. (काही स्वस्त मांडण्यांत हा खास क्रमांक वापरत नाहीत, राउटर स्वतःच्याच क्रमांकाने हाक देतो. चालते तेही, मात्र मग प्रत्येक संगणकाने ती हाक ऐकायला हवी.)

या पद्धतीचे नाव व्हीआरआरपी. १९९८ साली तिचा मसुदा जगासाठी खुला प्रसिद्ध झाला, म्हणजे आपल्या बेळगावच्या विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाची स्थापना झाली त्याच वर्षी. सिस्को कंपनीची अशीच एक स्वतःची पद्धत त्याआधीपासून होती आणि तिच्या पेटंटचा हक्क या खुल्या पद्धतीवरही पोहोचतो असे त्या कंपनीचे म्हणणे होते. त्याला वैतागून ओपनबीएसडी या मुक्त प्रणालीच्या मंडळींनी कार्प नावाची तिसरी पद्धत लिहिली आणि २००४ मध्ये वाटून टाकली. हे भांडण वाचायला मौजेचे आहे, पण आपल्या कामाचा मुद्दा इतकाच की आज साध्या किमतीच्या अनेक राउटरांत व्हीआरआरपी असते आणि जुन्या संगणकावर लिनक्स घालूनही ती चालवता येते. खरेदीच्या वेळी डब्यावर किती अँटेना आहेत ते मोजण्यापेक्षा हे नाव विचारावे.

आता आमची फजिती सांगतो. सुटीतील पहिल्या चाचणीत आम्ही मोठ्या ऐटीत मुख्य राउटरची पिन उपटली. दुसऱ्या राउटरने चार सेकंदांच्या आत खिडकी घेतली, त्याच्या नोंदवहीत तसे स्पष्ट लिहून आले. आणि तरीही संगणक कक्षातील बहुतेक संगणक बंदच. कार्यालयातले मात्र चालू. अर्धा तास केबली तपासण्यात गेला. शेवटी एका माजी विद्यार्थ्याने, जो सुटीला पुण्याहून आला होता, एका बंद संगणकावर `ipconfig` करून पाहिले. Default Gateway समोर 192.168.10.2 लिहिलेले होते. म्हणजे हे संगणक खिडकीकडे जातच नव्हते, ते जुन्या ओळखीने थेट त्या माणसाच्या घरी जात होते. संगणकांना पत्ते वाटण्याचे काम मुख्य राउटरच करत होता आणि तो सवयीने स्वतःचाच पत्ता गेटवे म्हणून सांगत होता. कार्यालयातल्या संगणकांचे पत्ते आम्ही हाताने भरले होते, म्हणून ते बचावले.

ही चूक फार ठिकाणी होते आणि ती वर्षानुवर्षे दिसत नाही, कारण पहिला राउटर जिवंत आहे तोवर सगळे उत्तम चालते. तिच्या पाठोपाठ दुसरीही असतेच. पत्ते वाटणारा राउटरच मेला तर नव्याने सुरू केलेल्या संगणकाला पत्ता देणार कोण? म्हणून आम्ही वाटपाचे काम दोघांकडे दिले, पण डबे वेगळे: पहिल्याने 50 ते 149 वाटायचे, दुसऱ्याने 150 ते 249. दोघांनीही गेटवे म्हणून 192.168.10.1 च सांगायचा. दुसऱ्या चाचणीत आम्ही एका संगणकावर `ping -t 192.168.10.1` चालू ठेवून पुन्हा पिन उपटली. Request timed out. ही ओळ एकदाच आली आणि पुढे उत्तरे येऊ लागली. टाळ्या वाजल्या, हे कबूल करायला हरकत नाही.

पण टाळ्या जरा घाईच्या होत्या. राउटर मरतो ते वर्षातून एकदा, महामार्गाच्या कामात जेसीबीने केबल तुटते ती पावसाळ्यात महिन्याला. अशा वेळी मुख्य राउटर ठणठणीत असतो. टोले नियमित देत असतो. दुसरा निवांत झोपून राहतो, आणि खिडकीवरचा माणूस येईल त्याला नम्रपणे सांगत असतो की गाडी नाही. हा बिघाड टोल्यांवरून कळत नाही, त्यासाठी राउटरला बाहेर डोकावून पाहायला शिकवावे लागते. आमच्या मांडणीत मुख्य राउटर दर पाच सेकंदांनी इंटरनेटवरील दोन दूरचे पत्ते आपल्या लाइनवरून ठोठावतो. दोन्हीकडून लागोपाठ तीन वेळा उत्तर आले नाही, तर तो स्वतःचा अग्रक्रम १२० वरून ३० ने उतरवून ९० करतो. दुसऱ्याचा १००. टोले चालूच असतात, पण त्यांत आता ९० ऐकू येते, आणि दुसरा उठून खिडकी घेतो. यासाठी आपल्यापेक्षा लहान अग्रक्रमाच्या मुख्य राउटरला बाजूला सारण्याची परवानगी दुसऱ्याला दिलेली असावी लागते. ती बंद असेल तर ९० चे टोले ऐकूनही तो स्वस्थ पडून राहतो. ही सगळी उठाठेव होईस्तोवर पंधरा-वीस सेकंद जातात.

ठोठावायचे ते दूरचेच दार. कंपनीने भिंतीवर लावलेल्या मोडेमला विचारले तर तो केबल तुटलेली असतानाही 'मी आहे' म्हणतो. आणि लाइन परत आली की अग्रक्रम लगेच वाढवायचा नाही. पावसाळ्यात लाइन मिनिटाला येते-जाते, तसतशी खिडकीवरची माणसेही उठत-बसत राहिली तर एक तुटलेली लाइन परवडली असे होते. सलग पाच मिनिटे उत्तरे आली तरच १२०, असा नियम आम्ही घातला.

येथे एक मर्यादा प्रामाणिकपणे सांगायला हवी. आपल्या दोन लाइनी दोन कंपन्यांच्या, त्यामुळे बाहेरच्या जगाला दिसणारा शाळेचा पत्ता खिडकीवरचा माणूस बदलताच बदलतो. साधी पाने पुन्हा उघडली की चालतात. पण कोणी शासकीय संकेतस्थळावर नाव-संकेतशब्द देऊन आत गेलेले असेल, तर बहुधा बाहेर फेकले जाईल आणि अर्धवट भरलेला अर्ज पुन्हा भरावा लागेल. चालू व्हिडिओ तास तुटेल आणि परत जोडावा लागेल. हे दोन मिनिटांचे दुखणे आहे, सव्वाचार तासांचे नव्हे.

आता मुद्दा जागेचा, ज्यावर विश्वस्त मंडळाशी आमचा खरा मतभेद आहे. बैठकीत असे सुचवले गेले की दोन राउटर घेऊच, पण दोन्ही संगणक कक्षाच्या कपाटात ठेवू, किल्ली एकच राहील. आमची विनंती आहे की हे करू नये. त्या कपाटात एक युपीएस आहे, एक स्विच आहे आणि छताला गळती आहे. जूनमध्ये ज्या विजेच्या झटक्याने एक अ‍ॅडॉप्टर जाळला, त्याने दोन जाळले असते. दुसरा राउटर प्राथमिक विभागाच्या कार्यालयात, स्वतःच्या लहान युपीएसवर असावा. दोन इमारतींमधली जोडणी तांब्याच्या केबलीची नको. तांबे शंभर मीटरपर्यंतच चालते आणि आपल्याकडच्या वळवाच्या विजा त्यावरून दोन्ही टोकांच्या यंत्रांना भेटून जातात. फायबर घालावी.

ही जोडणीच तुटली तर काय, असे एका पालकांनी विचारले. प्रश्न मार्मिक आहे. मग दुसऱ्याला टोले ऐकू येणार नाहीत, तो उठेल, आणि दोन्ही इमारतींत दोघेही खिडकीवर बसतील. आपल्या बाबतीत याने फारसे बिघडत नाही, कारण दोघांकडे स्वतःची लाइन आहे आणि प्रत्येक इमारत आपापल्या खिडकीवर जाईल. खरी पंचाईत होते ती टोले अडतात पण बाकीची ये-जा चालू राहते तेव्हा. एखाद्या अतिउत्साही माणसाने राउटरच्या फायरवॉलमध्ये 'अनावश्यक' म्हणून ११२ क्रमांकाचा प्रोटोकॉल बंद केला की नेमके हेच होते. त्याच क्रमांकाने हे टोले जात असतात. मग दोघेही स्वतःला मुख्य समजतात, स्विचला एकच क्रमांक कधी या केबलीवर, कधी त्या केबलीवर दिसतो, आणि पाने अर्धी उघडून थांबतात. कारण शोधताना प्रथम दोन्ही राउटरांची नोंदवही शेजारी शेजारी ठेवून पाहावी. दोन्हींत MASTER लिहिलेले असेल तर निदान झाले.

लाइनींबाबतही हेच. दोन कंपन्या म्हणजे दोन वाटा, असे गृहीत धरू नये. आपल्या गल्लीत आम्ही चालत जाऊन पाहिले, दोन्ही कंपन्यांच्या केबली एकाच विजेच्या खांबांवरून येतात. एक फांदी पडली की दोन्ही गेल्या. म्हणून आमचा आग्रह आहे की दुसरी लाइन मोबाइलच्या सिमवर चालणारी असावी, वेग कमी असला तरी. कार्यालयाचे अर्ज आणि शिक्षकांची कामे तिच्यावर होतात. त्या वेळेपुरते संगणक कक्षात व्हिडिओ बंद ठेवावे लागतील. मुले नाराज होतील, होऊ देत.

पैशाचे म्हणाल तर, महागड्या एका राउटरसाठी जी रक्कम ठरवली आहे तिच्यात दोन साधे राउटर, एक लहान युपीएस आणि इमारतींमधली फायबर बसते. सिमचा मासिक खर्च मात्र वेगळा धरावा लागेल, तो देणगीतून न करता चालू खर्चातच धरावा. देणगी एकदाच येते, रिचार्ज दर महिन्याला.

आणि एक मागणी, जिला पैसे लागत नाहीत. महिन्याच्या पहिल्या शनिवारी, शाळा सुटायच्या अर्धा तास आधी, मुख्य राउटरची पिन उपटली जावी. पुढच्या शनिवारी पिन तशीच ठेवून फक्त बाहेरची लाइन काढावी, कारण या दोन वेगळ्या परीक्षा आहेत, हे वर आलेच आहे. नववीचे दोन विद्यार्थी `ping` पाहत बसतील आणि किती ओळी चुकल्या ते वहीत लिहितील. कोणी 'सगळे नीट चालले आहे, हात कशाला लावता' म्हणेल. आमच्या पहिल्या चाचणीच्या दिवशीही सकाळी सगळे नीटच चालले होते.

मंडळाची बैठक येत्या महिन्यात आहे. ज्या पालकांना त्याआधी ही मांडणी चालताना पाहायची असेल त्यांनी शनिवारी साडेअकराला संगणक कक्षात यावे. उसना राउटर अजून परत केलेला नाही. प्राथमिक विभागातील कपाटाची एक किल्ली मुख्याध्यापिकांकडे आणि दुसरी शिपाईमामांकडे ठेवली आहे.